टू-डी इकोच्या रिपोर्टचा सारांश रेफरल फाइलमध्ये लिहिताना या चुका टाळा

जिल्ह्याच्या गावातून पुण्या-मुंबईच्या कार्डिऑलॉजी ओपीडीत जाणाऱ्या फाइलमध्ये टू-डी इकोचा तीन-चार पानी रिपोर्ट असतो आणि त्याच्यावर आपण लिहिलेलं अर्ध्या पानाचं रेफरल पत्र. तिथला डॉक्टर आधी पत्र वाचतो. पत्रातल्या आकड्यांनी त्याच्या मनात काही शंका आली तरच तो मागची पानं उलटतो. त्यामुळे हृदयाच्या कप्प्यांची मापं, झडपांची अवस्था आणि ईएफ या तीन गोष्टी पत्रात कशा उतरतात, यावर पेशंटला पुढच्या आठवड्याची तारीख मिळते की तीन महिन्यांनंतरची, हे बऱ्याचदा ठरतं.

नेहमीच्या चुका वेगवेगळ्या मोजण्यापेक्षा एकच केस घेऊ. आकडे समजावण्यासाठी जुळवलेले आहेत, पण असा रिपोर्ट कुठल्याही मेडिकल वॉर्डात महिन्यातून एखादा तरी दिसतोच.

पुरुष, वय 67, उंची 163 सेंमी, वजन 60 किलो. चार महिन्यांपासून चालताना धाप, आता रात्री उशी उंच करून झोपावं लागतं. छातीवर सिस्टॉलिक मर्मर आहे, पण फार मोठा नाही. रिपोर्टच्या शेवटी ‘Impression’ या मथळ्याखाली चार ओळी आहेत: मॉडरेट एओर्टिक स्टेनोसिस, माइल्ड मायट्रल रिगर्जिटेशन, ईएफ 40 टक्के, माइल्ड पल्मनरी हायपरटेन्शन, आरव्हीएसपी 36.

चूक पहिली: शेवटच्या चार ओळी उतरवणं

या चार ओळी जशाच्या तशा पत्रात गेल्या, तर चित्र असं दिसतं की झडप मध्यम अरुंद आहे, पंपिंग जरा कमी आहे, औषधं चालू ठेवा आणि सहा महिन्यांनी इको परत करा. त्याच रिपोर्टच्या आतल्या पानांवर मात्र याच्या उलट गोष्ट लिहिलेली आहे. इको करणाऱ्याने खोटं लिहिलेलं नसतं. रोजचे पंचवीस-तीस इको उरकताना निष्कर्षाच्या ओळी टेम्प्लेटमधून येतात, एखादा आकडा बघून ग्रेड टाकली जाते आणि रिपोर्ट प्रिंटला जातो. म्हणून सारांश लिहिणाऱ्याने शेवटापासून नाही, तर मोजमापांच्या तक्त्यापासून सुरुवात करायची. निष्कर्ष सगळ्यात शेवटी वाचायचा आणि तो तक्त्याशी जुळतो का, एवढंच त्यात बघायचं.

चूक दुसरी: ईएफचा आकडा लिहिणं, पण तो कसा काढला ते न लिहिणं

या रिपोर्टमध्ये ईएफ दोन ठिकाणी आहे. पहिल्या पानावरच्या एम-मोडच्या तक्त्यात डाव्या व्हेंट्रिकलचा डायस्टोलमधला व्यास 60 मिमी, सिस्टोलमधला 48 मिमी आणि त्याखाली ‘EF (Teich) 40%’, ‘FS 20%’. तिसऱ्या पानावर, जिथे सहसा कोणी पोचत नाही, तिथे बायप्लेन सिम्पसनने डायस्टोलिक व्हॉल्यूम 150 मिली, सिस्टोलिक 105 मिली आणि ईएफ 30 टक्के.

दोन्ही आकडे मशीननेच काढलेत, मग खरा कोणता? टाइकहोल्झ पद्धत व्हेंट्रिकलच्या बुडाजवळ, मायट्रल झडपेच्या पाकळ्यांच्या जरा खाली, एका रेषेवर व्यास मोजते आणि त्याच्या घनावरून पूर्ण व्हॉल्यूमचा अंदाज बांधते. सगळ्या भिंती सारख्याच हलत असतील तर हे चालून जातं. या पेशंटचा एपेक्स आणि सेप्टमचा खालचा भाग नीट हलत नाही, असं दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलंय. जो भाग बिघडलाय तो त्या रेषेत येतच नाही, म्हणून आकडा वर जातो. सिम्पसन पद्धत चार आणि दोन कप्प्यांच्या दृश्यांत आतली कडा आखते, त्यात एपेक्स धरला जातो. भिंतींची हालचाल असमान असेल तेव्हा सिम्पसनचा आकडा घ्यायचा.

30 आणि 40 मधला फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण आयसीडी बसवायचं का, हा विचार साधारण 35 टक्क्यांच्या रेषेवर होतो आणि हे दोन आकडे त्या रेषेच्या दोन बाजूंना आहेत.

आणखी एक गफलत इथे वारंवार होते. ‘FS’ म्हणजे फ्रॅक्शनल शॉर्टनिंग, ईएफच्या लगेच खाली छापलेलं असतं आणि तेही टक्क्यांतच. घाईत ‘20%’ ही ओळ उचलली की ईएफ 20 होऊन बसतं. उलट, लहान मुलांच्या इकोत एफएस 34 टक्के नॉर्मल असताना पत्रात ‘ईएफ 34’ लिहिलं जातं आणि आईबाप रात्री गाडी करून शहर गाठतात.

पत्रात असं लिहा: ‘ईएफ 30 टक्के, बायप्लेन सिम्पसन’. डॉक्टरने डोळ्यांनी अंदाज करून ‘30 ते 35’ लिहिलं असेल तर तेच लिहा, त्याचं साडेबत्तीस करू नका. मागच्या इकोशी तुलना करायची असेल तर पद्धत तीच आहे का ते बघा. आधीचा टाइकहोल्झ 45 आणि आताचा सिम्पसन 38 असेल, तर ‘ईएफ घसरलं’ असं म्हणता येत नाही. पद्धत तीच असली तरी 5 ते 10 टक्क्यांचा फरक निव्वळ मोजणीतून येऊ शकतो.

चूक तिसरी: झडपेची फक्त ग्रेड लिहिणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून इथे जरा थांबू.

रिपोर्टमध्ये एओर्टिक झडपेवरचा सर्वाधिक वेग 3.1 मीटर प्रति सेकंद आणि मीन ग्रेडियंट 24 आहे. गंभीर स्टेनोसिससाठी वेग 4 किंवा जास्त, मीन ग्रेडियंट 40 किंवा जास्त असा नेहमीचा निकष आहे. त्या हिशोबाने ‘मॉडरेट’ हा शब्द बरोबर दिसतो. पण ग्रेडियंट हा झडपेतून जाणाऱ्या रक्तावर अवलंबून असतो. नळाला पाणीच कमी असेल तर तोटी कितीही बुजलेली असो, धारेला जोर येत नाही. ईएफ 30 असलेल्या हृदयात नेमकं हेच होतं. त्यामुळे ईएफ कमी असताना नुसता ग्रेडियंट लिहून भागत नाही, झडपेचं क्षेत्रफळ आणि रक्ताचा प्रवाह दोन्ही लिहावे लागतात.

तक्त्यात हे सगळं सापडतं. डाव्या व्हेंट्रिकलच्या बाहेर पडण्याच्या वाटेचा, म्हणजे एलव्हीओटीचा व्यास 20 मिमी, तिथला व्हीटीआय 14 सेंमी आणि झडपेवरचा व्हीटीआय 58 सेंमी. हिशोब पाठ्यपुस्तकातलाच आहे:

```
LVOT area = 3.14 × (1.0)² = 3.14 cm²
SV  = 3.14 × 14 = 44 ml
AVA = 44 / 58 = 0.76 cm²
DVI = 14 / 58 = 0.24
SVi = 44 / 1.65 = 27 ml/m²
```

क्षेत्रफळ 1 चौ. सेंमीपेक्षा कमी, म्हणजे गंभीरच्या घरात. दोन व्हीटीआयचं गुणोत्तर 0.25 च्या खाली, तेही गंभीरच्या बाजूने. आणि दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त शरीराच्या आकाराच्या हिशोबात 27, जिथे 35 च्या खाली प्रवाह कमी धरतात. या तिन्हींचा अर्थ असा की हे ‘लो-फ्लो, लो-ग्रेडियंट’ प्रकारचं गंभीर एओर्टिक स्टेनोसिस असू शकतं. ‘असू शकतं’ असंच म्हणायचं, कारण स्नायू मुळात दुबळा असल्यामुळे झडप पुरेशी उघडत नाही, ही शक्यताही उरते. त्याचा निकाल पुढच्या हॉस्पिटलात कमी डोसच्या डोब्युटामिन इकोने किंवा सीटीवरच्या कॅल्शियम स्कोअरने लागतो (पुरुषांत 2000 च्या वर आणि स्त्रियांत 1200 च्या वर स्कोअर गंभीर स्टेनोसिसच्या बाजूने जातो). तो निकाल आपण इथून द्यायचा नाही, पण तो प्रश्न पुढच्या डॉक्टरसमोर येईल इतके आकडे मात्र द्यायचेच. ‘मॉडरेट एएस’ हे दोन शब्द त्या प्रश्नालाच दार लावतात.

एलव्हीओटीचा व्यासही पत्रात लिहा, असा माझा आग्रह आहे. हिशोबात त्याचा वर्ग होतो, त्यामुळे 2 मिमीचा फरकही मोठा ठरतो. 20 ऐवजी 18 मोजला असता तर क्षेत्रफळ 0.61 आलं असतं, 22 मोजला असता तर 0.92. या केसमध्ये तिन्ही आकडे 1 च्या खालीच राहतात, त्यामुळे दिशा बदलत नाही. पण मधला आकडा 0.95 असता, तर त्या 2 मिमीवर सगळंच फिरलं असतं. वाचणाऱ्याला व्यास दिसला की मोजणी कितपत भरवशाची आहे हे त्याचं तो ठरवतो. 0.24 हे गुणोत्तर मात्र व्यासावर अवलंबून नाही, म्हणून तेही सोबत हवं.

मायट्रल स्टेनोसिसच्या पेशंटलाही हीच शिस्त लावा, फक्त तिथे ग्रेडियंटसोबत हृदयाचे ठोके लिहायचे. 110 च्या गतीला मीन ग्रेडियंट 12 आणि 70 च्या गतीला 12 यांचा अर्थ वेगळा असतो. एट्रियल फिब्रिलेशन असेल तर मापं किती ठोक्यांची सरासरी आहेत, हे रिपोर्टमध्ये असल्यास उतरवा.

आकडे एकमेकांना पटतात का, याची दोन मिनिटांची तपासणी

हे कोणी शिकवत नाही, पण करायला सोपं आहे. दर ठोक्याला व्हेंट्रिकल जेवढं रक्त आत धरून बाहेर ढकलतं, साधारण तेवढंच एलव्हीओटीतून जायला हवं. सिम्पसनने 150 वजा 105 म्हणजे 45 मिली. डॉप्लरने 44 मिली. जुळलं. (इतकं काटेकोर जुळणं रोज होत नाही. सिम्पसनचे व्हॉल्यूम थोडे कमीच येतात, म्हणून 10-15 मिलीचा फरक असला तरी घाबरायचं कारण नाही.)

आता टाइकहोल्झच्या मापांवरून बघा. 60 मिमीला 180 मिली, 48 मिमीला सुमारे 107 मिली, म्हणजे बाहेर पडलं 73 मिली. डॉप्लर 44 म्हणतंय. मग उरलेलं 29 मिली गेलं कुठे? मायट्रलमधून मागे गेलं म्हणावं, तर गळती ‘माइल्ड’ लिहिलीय. म्हणजे एकतर 40 टक्के हा आकडा चुकीचा किंवा गळतीची ग्रेड. एपेक्स हलत नाही, हे माहीत असल्यावर उत्तर शोधायला वेळ लागत नाही.

हीच तपासणी उलट्या बाजूनेही कामाला येते. एखाद्या रिपोर्टमध्ये सिम्पसनचं वजाबाकीचं उत्तर 90 आणि डॉप्लरचं 50 आलं, आणि ‘ट्रिव्हिअल एमआर’ असं लिहिलेलं असलं, तर पत्र पाठवण्याआधी इको करणाऱ्या डॉक्टरला एक फोन करा.

चूक चौथी: आरव्हीएसपी 36 म्हणजे नेमकं कशाचं 36?

ट्रायकस्पिड गळतीचा वेग 3.0 मीटर प्रति सेकंद आहे. `4 × V²` ने 36 येतं. हा उजव्या व्हेंट्रिकल आणि उजव्या एट्रियममधला फरक झाला. त्यात एट्रियमचा दाब मिळवल्यावर आरव्हीएसपी मिळतो. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर आयव्हीसी 23 मिमी आणि श्वास घेताना निम्म्याहून कमी आकसते असं आहे, म्हणजे एट्रियमचा दाब 15 धरायचा. खरा अंदाज 51. निष्कर्षात 15 मिळवायचे राहून गेलेत.

अनेक ठिकाणी सरसकट 10 मिळवतात, काही ठिकाणी काहीच मिळवत नाहीत. म्हणून पत्रात नुसतं आरव्हीएसपी लिहिण्यापेक्षा ‘टीआरचा वेग 3.0, आयव्हीसी 23 मिमी, आकुंचन 50 टक्क्यांहून कमी’ असं लिहिलं की वाचणारा बेरीज स्वतः करतो आणि घोळ उरत नाही.

कप्प्यांची मापं: कमी लिहा, पण पूर्ण लिहा

इथे उलटी चूक होते. तक्त्यातल्या पंधरा-वीस ओळी सगळ्या उतरवल्या जातात आणि ज्यांची गरज आहे त्या गर्दीत हरवतात. या पेशंटसाठी डाव्या व्हेंट्रिकलचे दोन व्यास, भिंतीची जाडी, डावं एट्रियम आणि उजव्या व्हेंट्रिकलचा टॅप्से एवढं पुरतं. मापासोबत एकक असू द्या. एकाच रिपोर्टमध्ये एक तक्ता मिमीत आणि दुसरा सेंमीत हे सर्रास दिसतं, आणि ‘एलए 4.6’ असं एकटं लिहिलं की तो व्यास आहे की आणखी काही, हा प्रश्न उभा राहतो.

उंची-वजन लिहायला विसरू नका. डाव्या व्हेंट्रिकलचा डायस्टोलिक व्यास 55 मिमी पुरुषात नॉर्मलच्या आत बसतो, स्त्रीमध्ये तो वाढलेला ठरतो (ढोबळ मर्यादा पुरुषांत 58, स्त्रियांत 52). आपल्याकडच्या 42 किलो वजनाच्या बाईला तर ही मर्यादाही सैलच.

टेम्प्लेटमधली शिळी वाक्यं

‘नो आरडब्ल्यूएमए’ पहिल्या पानावर आणि ‘एपेक्स हायपोकायनेटिक’ दुसऱ्यावर. ‘एओर्टिक व्हॉल्व्ह नॉर्मल’ आणि त्याखालीच ग्रेडियंट 24. ही शिळी वाक्यं टेम्प्लेटमध्ये आधीच भरलेली असतात आणि खोडायची राहून जातात. सारांश लिहिताना यातलं बरोबर कोणतं, ते स्वतः ठरवून दुसरं गाळू नका. इको करणाऱ्या डॉक्टरला विचारा, दुरुस्त रिपोर्ट मागवा. वेळ नसेल तर पत्रात ‘रिपोर्टमध्ये दोन परस्परविरोधी नोंदी आहेत’ असं सरळ लिहा.

यातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य म्हणजे ‘नो क्लॉट’. ईएफ 30 आणि एपेक्स हलत नसताना तिथे गुठळी शोधावीच लागते. एपिकल विंडो चांगली नव्हती असं रिपोर्टमध्ये कुठे असेल, तर ‘गुठळी नाही’ असं न लिहिता ‘गुठळी दिसली नाही, एपेक्स स्पष्ट नाही’ असं लिहा. समोरचा कॉन्ट्रास्ट इकोचा विचार करेल.

या सगळ्यानंतर पत्रातला इकोचा भाग इतकाच उरतो:

> टू-डी इको (तारीख). सायनस रिदम, ठोके 78, बीपी 118/74. उंची 163 सेंमी, वजन 60 किलो, बीएसए 1.65. एपिकल विंडो मध्यम.
>
> कप्पे: डावं व्हेंट्रिकल 60/48 मिमी, भिंत 13 मिमी, एपेक्स व सेप्टमचा खालचा भाग हायपोकायनेटिक. डावं एट्रियम 46 मिमी (एपी व्यास). टॅप्से 15 मिमी.
>
> ईएफ: 30 टक्के, बायप्लेन सिम्पसन (150/105 मिली). एम-मोडवर 40 टक्के छापलं आहे, भिंतींच्या असमान हालचालीमुळे ग्राह्य धरलेलं नाही.
>
> एओर्टिक: तीन पाकळ्या, कॅल्सिफाइड. वेग 3.1 मी/से, मीन ग्रेडियंट 24, एलव्हीओटी 20 मिमी, क्षेत्रफळ 0.76 चौ. सेंमी, व्हीटीआय गुणोत्तर 0.24, स्ट्रोक व्हॉल्यूम इंडेक्स 27. रिपोर्टमधली ग्रेड ‘मॉडरेट’.
>
> मायट्रल: माइल्ड गळती. ट्रायकस्पिड: गळतीचा वेग 3.0 मी/से, आयव्हीसी 23 मिमी, आकुंचन 50 टक्क्यांहून कमी.
>
> गुठळी दिसली नाही, एपेक्स पूर्ण स्पष्ट नाही. पेरिकार्डियल इफ्यूजन नाही.
>
> प्रश्न: लो-फ्लो, लो-ग्रेडियंट गंभीर एएस आहे का? एपेक्सच्या हालचालीसाठी अँजिओग्राफीची गरज?

रिपोर्टमधली ‘मॉडरेट’ ही ग्रेड मुद्दाम खोडलेली नाही. ती दुसऱ्या डॉक्टरच्या सहीखाली आहे, आपण फक्त तिच्या शेजारी आकडे ठेवलेत. आणि प्रश्न शेवटी एका ओळीत विचारलाय, कारण गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरची नजर पत्राच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीवरच जाते.

बीपी का लिहायचं, असं विचारलं जातं. इकोच्या वेळी बीपी 190 असेल तर एओर्टिक ग्रेडियंट प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो, आणि मायट्रल गळती जास्त. तसं असेल तर बीपी आटोक्यात आणून इको परत करावा लागतो, नाहीतर तो आकडा तुलनेला उपयोगाचा नाही. पेशंट पल्मनरी इडीमात असताना आयसीयूत केलेल्या बेडसाइड इकोचंही तसंच. तो फाइलमध्ये लावा, पण त्यावर ‘अक्यूट अवस्थेतला’ असा शेरा हवा, आणि सारांश स्थिर झाल्यानंतरच्या इकोवरून करा. दोन तारखांचे आकडे एकाच परिच्छेदात मिसळू नका. योजनेच्या पूर्वमंजुरीसाठी हीच फाइल स्कॅन होणार असेल, तर मूळ रिपोर्टची सगळी पानं क्रमाने लावा. तिसरं पान गळालं की सिम्पसनचं 30 गायब होतं आणि उरतं ते पहिल्या पानावरचं 40.